दोन साखरा आणि मधला थांबा

काही वर्षांपूर्वी एका मासिकात मी जिवाणूंच्या खाण्याविषयी एक छोटा लेख लिहिला होता. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जिवाणू ग्लुकोज आणि लॅक्टोज अशा दोन साखरा एकत्र दिल्या तर आधी ग्लुकोज संपवतो, मग थोडा वेळ वाढायचा थांबतो आणि नंतर लॅक्टोजला हात घालतो, अशी ती हकीकत. थांबण्याचे कारणही मी पाठ्यपुस्तकातून उचलून दिले होते. ग्लुकोज असताना पेशीतला एक संदेश-रेणू कमी होतो, तो कमी म्हणून लॅक्टोजची यंत्रणा बंद राहते. ग्लुकोज संपले की तो वाढतो आणि यंत्रणा सुरू होते.

लेख छापून आल्यावर तालुक्याच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. त्यांनी कौतुकाच्या दोन ओळी लिहून एकच प्रश्न विचारला होता: "ग्लुकोज असताना तो रेणू कमी असतो म्हणून लॅक्टोजचे कुलूप बंद, हे समजले. पण पुढे पेशी लॅक्टोजवर जोमाने वाढू लागते, तेव्हा तो रेणू किती असतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी जीवशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. जे वाचले ते स्वतःच्या ओढीने, आणि त्या वाचनात हा प्रश्न कधी मला पडलाच नव्हता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा ध्यानात आले की नेमका हाच प्रश्न जपानमधल्या एका प्रयोगशाळेने विचारला होता आणि त्याच्या उत्तराने माझा लेख निम्मा चुकीचा ठरत होता. आजचा लेख ही त्या पोस्टकार्डाची उशिरा दिलेली पोच आहे.

सुरुवात पॅरिसपासून करायला हवी. 1940 च्या जूनमध्ये जर्मन सैन्य त्या शहरात शिरले. त्याच काळात सॉरबॉन विद्यापीठात झाक मोनो हा तिशीतला संशोधक डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी जिवाणूंची वाढ मोजत होता. पद्धत साधी होती. पाण्यात ठरावीक क्षार आणि एखादी साखर घालायची, त्यात जिवाणू सोडायचे आणि द्रव किती गढूळ होत जातो हे ठरावीक वेळाने मोजायचे. जितका गढूळपणा, तितके जिवाणू. वेळ आडव्या रेषेवर आणि गढूळपणा उभ्या रेषेवर मांडला की वाढीचा आलेख मिळतो. एकच साखर असेल तर तो आलेख वर चढत जातो आणि साखर संपली की सपाट होतो.

मोनोने साखरांच्या जोड्या करून पाहिल्या. काही जोड्यांत आलेख नेहमीसारखाच एका चढणीचा आला. काही जोड्यांत मात्र तो चढला, मध्येच सपाट झाला आणि काही वेळाने पुन्हा चढला, जिन्यात मधली मोकळी पायरी असावी तसा. या दुहेरी वाढीला त्याने ग्रीक शब्दांवरून 'डायॉक्सी' असे नाव दिले. आपण तिला द्विटप्पी वाढ म्हणू.

पहिला टप्पा ग्लुकोजचा आणि दुसरा दुसऱ्या साखरेचा, हे त्याने कसे ठरवले ते पाहण्यासारखे आहे. त्याने ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल ही जोडी घेतली. दोहोंची मिळून बेरीज तीच ठेवली, पण प्रमाण बदलले: एका भांड्यात ग्लुकोज एक भाग आणि सॉर्बिटॉल तीन भाग, दुसऱ्यात समसमान, तिसऱ्यात तीनास एक. एकूण वाढ तिन्हींत जवळपास सारखी झाली. पण थांबा वेगवेगळ्या उंचीवर आला. ग्लुकोज जितके जास्त, तितका पहिला टप्पा त्याच प्रमाणात उंच आणि दुसरा तितका बुटका. म्हणजे थांबा ठरावीक वेळाने येत नव्हता, गर्दी झाली म्हणूनही येत नव्हता. ग्लुकोजचा शेवटचा कण संपला की येत होता. एवढे सगळे केवळ गढूळपणा मोजून कळले.

डिसेंबर 1940 मध्ये मोनोने हे आलेख पाश्चर संस्थेतल्या आंद्रे ल्वॉफ यांना दाखवले. ल्वॉफ म्हणाले, याचा संबंध विकरांच्या अनुकूलनाशी असू शकेल. विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतली रासायनिक कामे करणारे प्रथिन. काही विकरे पेशीत कायम नसतात, त्यांचे खाद्य समोर आले तरच तयार होतात, एवढे तेव्हा माहीत होते. मोनोने तो शब्दही ऐकलेला नव्हता. ल्वॉफनी त्याला मार्जोरी स्टीफन्सन यांचे जिवाणूंच्या चयापचयावरचे पुस्तक वाचायला दिले. पुढे 1965 साली मोनो, ल्वॉफ आणि फ्रान्स्वा झाकोब यांना एकत्र नोबेल मिळाले, तेव्हाच्या व्याख्यानात मोनोने ही आठवण स्वतः सांगितली आहे.

आता पेशीच्या आत जाऊ आणि मोनोच्या पुढच्या कामातली ग्लुकोज-लॅक्टोज ही जोडी घेऊ. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. ती खायला ई. कोलायला दोन गोष्टी लागतात. एक, पेशीच्या आवरणातून लॅक्टोज आत घेणारे दार, त्याला परमिएझ म्हणतात. दोन, आत आलेल्या लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करणारे विकर, बीटा-गॅलॅक्टोसिडेझ. या दोहोंची जनुके शेजारी शेजारी असून एकत्रच चालू-बंद होतात. त्या समूहाला लॅक ओपेरॉन म्हणतात.

एरवी या जनुकांच्या तोंडाशी एक दमनकारी प्रथिन बसलेले असते. हे झाले पहिले कुलूप. लॅक्टोज आत आले की त्यातल्या काही रेणूंचे रूप किंचित बदलून ॲलोलॅक्टोज बनते, ते दमनकारी प्रथिनाला चिकटते आणि ते प्रथिन जनुकावरून निसटते. इथे एक गंमत आहे. लॅक्टोज आत यायला दार हवे आणि त्याचे ॲलोलॅक्टोज करायला तेच बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हवे. म्हणजे कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आतल्या खोलीत. पेशीचे भागते ते एवढ्यावरच, की कुलूप पूर्ण घट्ट नसते. अधूनमधून दमनकारी प्रथिन सुटते आणि दार-विकराचे मोजके रेणू तयार होतात. यंत्रणा पूर्ण चालू झाल्यावर विकराचे प्रमाण या गळतीच्या सुमारे हजारपट होते. थांब्यातला वेळ जातो तो मुख्यतः या मोजक्या रेणूंपासून हजारोंपर्यंत पोचण्यात. ग्लुकोज संपलेले, लॅक्टोज दाराबाहेर भरपूर, पण दारेच दोन-चार. त्या तुटपुंज्या मिळकतीतून नवी दारे बांधायची, त्यातून आणखी मिळकत, त्यातून आणखी दारे.

मग प्रश्न उरतो तो असा. लॅक्टोज तर पहिल्या क्षणापासून द्रवात आहे. मोजकी दारेही आहेत. मग ग्लुकोजच्या टप्प्यातच हळूहळू यंत्रणा का उभी राहत नाही? म्हणजे ग्लुकोज सक्रियपणे काहीतरी अडवत असले पाहिजे. ग्लुकोजच्या या दमनाला बोरिस मॅगासॅनिक यांनी 1961 साली 'कॅटाबोलाइट रिप्रेशन' हे नाव दिले. कॅटाबोलाइट म्हणजे साखर फोडताना निघणारे पदार्थ. त्यांच्यामुळे दमन होते अशी तेव्हाची कल्पना.

1965 साली मॅकमन आणि सदरलँड यांना आढळले की ई. कोलायच्या द्रवात ग्लुकोज असले की सायक्लिक एएमपी नावाचा लहानसा रेणू कमी होतो. पुढच्या काही वर्षांत कळले की हा रेणू सीआरपी नावाच्या प्रथिनाला चिकटतो आणि ही जोडी लॅक जनुकांपाशी बसून त्यांचे वाचन जोरात सुरू करते. रक्ततपासणीच्या कागदावर जे सीआरपी असते त्याच्याशी याचा नावापलीकडे संबंध नाही. आता गोष्ट जुळून आली. ग्लुकोज आहे, सायक्लिक एएमपी कमी, जनुके मंद. ग्लुकोज संपले, सायक्लिक एएमपी वाढले, जनुके चालू. हीच गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथून माझ्या लेखात.

पोस्टकार्डावरचा प्रश्न इथे बोट ठेवतो. नागोया विद्यापीठातल्या हिरोजी आयबा यांच्या गटाने, म्हणजे इनादा, किमाता आणि आयबा या तिघांनी, सायक्लिक एएमपी सर्व टप्प्यांत मोजले आणि 1996 साली निष्कर्ष छापला. ग्लुकोजवर वाढणाऱ्या पेशींत ते जितके होते, जवळपास तितकेच लॅक्टोजवर वाढणाऱ्या पेशींतही होते. वाढले होते ते फक्त मधल्या थांब्यात, आणि थांबा संपला की पुन्हा उतरले होते. मग सायक्लिक एएमपी कमी असणे हे जर लॅक्टोजची यंत्रणा बंद असण्याचे कारण असेल, तर दुसऱ्या टप्प्यातही ती बंदच राहायला हवी. पण तिथे ती पूर्ण जोरात चालू असते.

त्यांनी आणखी दोन बाजूंनी तपासले. ग्लुकोज असताना सायक्लिक एएमपी बाहेरून घातले, तरी लॅक्टोजची यंत्रणा उघडली नाही. उलट ज्या पेशींत दमनकारी प्रथिन तयारच होत नाही, त्यांच्यात दोन टप्पेच दिसेनात. आयपीटीजी हे कृत्रिम रसायन घातले तरी तेच झाले. आयपीटीजी ॲलोलॅक्टोजची नक्कल करते आणि त्याला आत यायला परमिएझचे दार लागत नाही. म्हणजे ग्लुकोज असतानाही पहिले कुलूप उघडले की काम भागते. अडचण किल्ली आत न येण्याची आहे.

किल्ली का येत नाही, याचे उत्तर ग्लुकोज पेशीत शिरण्याच्या पद्धतीत आहे. ही पद्धत 1964 साली सॉल रोझमन यांच्या प्रयोगशाळेत सापडली. ग्लुकोज आवरणातून आत येताना त्याला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवला जातो. तो तुकडा प्रथिनांच्या एका साखळीतून हातोहात येतो. आग विझवायला विहिरीपासून माणसे रांग करतात आणि भरलेली बादली पुढे पुढे देतात, तसे. या रांगेत शेवटाच्या अलीकडे उभे असते ईआयआयए नावाचे प्रथिन. ग्लुकोज भराभर येत असते तेव्हा त्याची बादली हाती आली की लगेच पुढे जाते, म्हणून बहुतेक वेळ ते रिकाम्या हाताने असते. ग्लुकोज संपले की बादली घ्यायला पुढे कोणी नाही; मग ते भरलेली बादली धरून उभे राहते.

रिकाम्या हाताचे ईआयआयए परमिएझला जाऊन चिकटते आणि दार अडवते. गळतीतून बनलेली दोन-चार दारेही अशी बंद होतात. लॅक्टोज आत येत नाही, ॲलोलॅक्टोज बनत नाही, पहिले कुलूप तसेच राहते. याला प्रेरक-वर्जन म्हणता येईल, किल्लीलाच उंबऱ्याबाहेर ठेवणे. ग्लुकोज संपताच ईआयआयएचे हात भरतात आणि ते दारावरून बाजूला होते. शिवाय भरल्या हाताचे तेच प्रथिन सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या विकराला चालना देते. थांब्यात सायक्लिक एएमपी उसळते ते यामुळे, आणि यंत्रणा वेगाने उभारायला तो जोर उपयोगी पडतो.

म्हणजे कॅटाबोलाइट रिप्रेशन हे नाव ढोबळ अर्थाने घेतले तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. जनुकांचा जोर कमी करणे आणि दार अडवणे. दोन्ही खऱ्या आहेत. आयपीटीजी घालून कुलूप उघडे ठेवले तरी ग्लुकोजवर वाढणाऱ्या पेशींत हे विकर ग्लिसरॉलवर वाढणाऱ्यांपेक्षा कमी बनते, तो पहिल्या गोष्टीचा परिणाम. पण ग्लुकोज-लॅक्टोजच्या जोडीत यंत्रणा संपूर्ण बंद ठेवून मधला थांबा घडवते ती मुख्यतः दुसरी. माझ्या लेखात तिचा उल्लेखही नव्हता.

एवढे वाचून झाल्यावर आलेख डोळ्यांनी पाहायची इच्छा झाली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राने सुट्टीत कॉलेजच्या प्रयोगशाळेत जागा दिली. पहिल्या दोन खेपा फसल्या. पहिल्या वेळी आम्ही पेप्टोनचा तयार रस वापरला. त्यात प्रथिनांचे तुकडे इतके असतात की जिवाणू त्यांवरच वाढतात, साखर संपली तरी वाढ चालूच. पायरी कुठेच दिसली नाही. दुसऱ्या वेळी फक्त क्षारांचे एम-९ माध्यम घेतले, पण फ्रिजमधून उचललेले जिवाणू जनुकांच्या प्रयोगांसाठी वापरतात त्या डीएच-५-अल्फा जातीचे होते. थायामिन घालून ते वाढले, आलेख सपाटही झाला, आणि आम्ही खूश झालो. तो सकाळपर्यंत सपाटच राहिला. त्या जातीत बीटा-गॅलॅक्टोसिडेझचे जनुक मुद्दाम अर्धवट ठेवलेले असते. तो थांबा नव्हता, शेवट होता. सपाट रेषेला पुन्हा चढ लागल्याशिवाय तिला थांबा म्हणू नये, हे त्या रात्री शिकलो.

तिसऱ्या खेपेला लॅक्टोज पचवणारी साधी जात घेतली. शंभर मिलिलिटर एम-९ माध्यमात 40 मिलिग्रॅम ग्लुकोज आणि 80 मिलिग्रॅम लॅक्टोज. ग्लुकोज इतके थोडे ठेवण्याला कारण आहे. ते भरपूर असेल तर संपण्याआधीच प्राणवायू अपुरा पडतो, आम्ल साचते आणि वाढ भलत्याच कारणाने मंदावते. जिवाणू आदल्या रात्री फक्त ग्लुकोजवर वाढवले होते. लॅक्टोजवर वाढवले असते तर जुने विकर पेशींत शिल्लक राहून थांबा आखूड झाला असता.

कलरिमीटरचे वाचन 0.02 पासून सुरू झाले. तासाभरात दुप्पट, या बेताने साडेचार तासांत ते 0.45 च्या आसपास आले आणि अडकले. पाऊण तासाने हलले, आणि पुढे जरा सावकाश चढत 1.3 पर्यंत गेले. शेवटची वाचने नमुना पातळ करून घ्यावी लागली, कारण दाट द्रवात कलरिमीटर कमी दाखवतो. हिशोब करून पाहा: पहिल्या टप्प्याची वाढ सुमारे 0.43, दुसऱ्याची 0.85. साखरांचे प्रमाण एकास दोन होते, वाढीचेही तेच आले.

दर अर्ध्या तासाला आम्ही दोन चाचण्या करत होतो. ग्लुकोजसाठी पॅथॉलॉजीवाले रक्तातली साखर मोजायला वापरतात ते जीओडी-पीओडी किट, जे लॅक्टोजला ओळखत नाही. विकरासाठी ओएनपीजी, जे बीटा-गॅलॅक्टोसिडेझने फुटले की पिवळे होते. वाचन 0.2 असताना ग्लुकोज निम्म्याहून थोडे जास्त उरलेले होते आणि ओएनपीजी पाण्यासारखे. थांब्याच्या सुरुवातीला ग्लुकोज शून्य, ओएनपीजी तरीही जवळपास रंगहीन. अर्ध्या तासाने, वाचन अजून जागचे हललेले नसताना, नळी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी. पेशी थांबल्या होत्या, काम थांबले नव्हते. बाजूच्या भांड्यात तेच सगळे घालून वर आयपीटीजी टाकले होते. तिथे पिवळा रंग पहिल्यापासून आला आणि पायरी दिसलीच नाही.

पेशी हा थांबा सोसतात तरी का? लॅक्टोजची यंत्रणा कायम तयार ठेवली तर थांबायला लागणार नाही. पण ती पूर्ण चालू असताना पेशीच्या प्रथिनांचा शेकडा काही भाग तिच्यातच जातो आणि लॅक्टोज नसेल तर वाढीचा वेग तेवढा घटतो. दर तासाला दुप्पट होणाऱ्यांच्या शर्यतीत हा तोटा साचत जातो. क्वचित लागणाऱ्या यंत्रणेपेक्षा पाऊण तासाचा खोळंबा स्वस्त पडत असावा.

आमच्या आलेखाची एक मर्यादा मात्र सांगायला हवी. कलरिमीटर कोट्यवधी पेशींची बेरीज दाखवतो, एकेका पेशीचे काय चालले आहे ते नाही. समजा, शंभर पेशींपैकी दहाच लगेच लॅक्टोजवर वाढू लागल्या आणि नव्वद कायमच्या थांबल्या. दर तासाला दुपटीने दहाच्या वीस, चाळीस, ऐंशी होतील. एकूण मात्र शंभरावरून 110, मग 130, मग 170. आलेखावर हा पहिला तास सपाटच दिसेल, जणू सगळ्यांनी मिळून विश्रांती घेतली. 2014 साली ग्रोनिंगेनच्या ओस्कर कॉयपर्स यांच्या गटाने दुधातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूत, ग्लुकोज आणि सेलोबायोज या जोडीवर, एकेक पेशी पाहून असेच काहीसे दाखवले. थांब्यानंतर पेशींचा एक भागच दुसऱ्या साखरेवर वाढला, बाकीच्या मागे राहिल्या. आमच्या ई. कोलायच्या पाऊण तासात सगळ्या पेशी तयारीत होत्या की काहीच, हे आमच्या नळीतल्या पिवळ्या रंगावरून सांगता येत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी तासन् तास पाहावी लागेल.

ते शिक्षक पोस्टकार्डावर पत्ता लिहायला विसरले होते. शिक्का तेवढा गावाचा आहे. त्यांच्या घरी हा अंक येत असेल तर उत्तर असे: गुरुजी, लॅक्टोजवर वाढताना तो रेणू जवळपास तितकाच असतो, जितका ग्लुकोजवर वाढताना असतो. तुमची शंका रास्त होती.